गप्प बसणाऱ्या चौदा मुलांची फी

वाचकाचं पत्र

माझं गणितात एम.एस्सी., बी.एड. झालं आहे. दोन वर्षांपासून आठवी ते दहावीच्या मुलांच्या शंका कॉलवर आणि चॅटवर सोडवते. सध्या 42 मुलं आहेत, बहुतेक सेमी इंग्रजीची. महिना 299 रुपये, कितीही शंका विचारा. सोबत एक मुलगी आहे, तिला तासाला 200 रुपये देते. महिन्यातले 25 दिवस संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ आम्ही दोघी बसतो. घटक चाचणीच्या आठवड्यात मुलांना पाऊण पाऊण तास थांबावं लागतं, एरवी आम्ही रिकाम्या असतो. ऑगस्टमध्ये नोंद ठेवली: 214 कॉल झाले, त्यातले 131 फक्त नऊ मुलांचे. 14 मुलांनी एकदाही कॉल केला नाही. हातात अडीच हजार उरतात. पालक विचारतात, "नक्की मिळतं काय?" एका आईने तर विचारलं, "रात्री मुलीशी फोनवर कोण बोलतं?" फी वाढवली तर मुलं जातील का? आणि ऑटो-पे लावू का?
– एक वाचक, वडगाव बुद्रुक, पुणे

उत्तर

ताई, फी वाढवा. 299 चे 550 करा आणि "कितीही विचारा" हे शब्द जाहिरातीतून काढून टाका. ऑटो-पे लावू नका. पण या दोन्हींच्या आधी, म्हणजे येत्या सोमवारपासूनच, त्या 14 मुलांना स्वतःहून फोन करायला लागा. फी, विश्वास आणि रिकामी संध्याकाळ हे तुमचे तिन्ही प्रश्न या 14 मुलांपाशी येऊन अडकले आहेत.

आधी हिशेब. तुम्ही वही ठेवलीत म्हणून तो करता तरी येतोय. या धंद्यातले बहुतेक जण मुलं मोजतात, कॉल मोजत नाहीत. 42 गुणिले 299 म्हणजे 12,558 रुपये. त्यातले 10,000 तुमच्या सहकारी मुलीचे. उरलेले अडीच हजार म्हणजे तुमच्या 50 तासांची मजुरी, तासाला 51 रुपये. तुम्ही ठेवलेल्या मुलीला 200 मिळतात आणि एम.एस्सी., बी.एड. झालेल्या तुम्हाला 51. हे चालू राहिलं तर एखाद्या शाळेची नोकरी आली की तुम्ही हे बंद कराल, आणि मग 42 घरांत "बघा, मधेच सोडून गेल्या" असं होईल. म्हणून फी ठरवताना स्वतःचेही तासाला 200 धरा. दोघींचे मिळून 100 तास, खर्च 20,000. हे 42 मुलांवर वाटले तर प्रत्येकी 476 रुपये येतात. 299 हा आकडा कुठून आला हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं तो बहुधा कुठल्यातरी अ‍ॅपच्या जाहिरातीतून आलाय. त्यांचा खर्च वेगळा असतो. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ एकदा बनवला की दहा हजार मुलं बघतात. तुमच्या कॉलवर एका वेळी एकच मूल असतं.

आता एका कॉलचा खर्च बघा. दहावीच्या भूमितीची शंका सुटायला साधारण बारा मिनिटं धरा. आगेमागे पाच मिनिटं जातात: फोटो पुसट आला, पुन्हा पाठव, पान उलटं आलं, शेवटी वहीत नोंद. म्हणजे सतरा मिनिटं. तासाला 200 या दराने 57 रुपये झाले. पण महिन्याचा सगळा 20,000 खर्च 214 कॉलवर वाटला तर एक कॉल 93 रुपयांना पडतो. मधले 36 रुपये म्हणजे तुम्ही दोघी रिकाम्या बसलात त्या वेळेची किंमत. 214 कॉलना मिळून साठ-एकसष्ट तास लागले, बसलात 100 तास. फी नेहमी 93 वर बेतायची, 57 वर नाही. शंका सांगून येत नाही. ती येईल तेव्हा कुणीतरी बसलेलं असावं लागतं, आणि त्या बसण्याचे पैसे द्यावेच लागतात.

आता "कितीही विचारा"बद्दल. महिन्याला ठरलेली फी आणि वापरावर मर्यादा नाही, ही योजना सगळीकडे एकाच गणितावर उभी असते: बरेच जण पैसे भरतील आणि येणारच नाहीत. जिमची वर्षाची फी याच हिशेबाने ठरते. तुमच्याकडेही नऊ मुलं महिन्याला सरासरी चौदा-पंधरा कॉल करतात, आणि त्यांचा खर्च त्या न बोलणाऱ्या चौदा घरांतून येतो. जिममध्ये हे चालतं, कारण तिथे न जाणारा माणूस दोष स्वतःलाच देतो. इथे पैसे भरतो बाप, आणि विचारायचं असतं मुलाने. सहामाहीचे मार्क आले की बाप मुलाला विचारणार, "तिथे विचारलं होतंस का?" मुलगा काय सांगेल? "मी विचारलंच नाही" असं म्हणणारा मुलगा मी अजून पाहिला नाही. तो म्हणेल, "त्या नीट सांगत नाहीत." झालं. ते वाक्य संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर असतं. तुमच्याकडून खूप शिकलेली नऊ मुलं तुमची जेवढी जाहिरात करतील, त्याहून जास्त नुकसान ही गप्प चौदा करतील.

या मुलांना शंका नसतात असं समजू नका. शंका विचारता येणं हेच मुळात अर्ध्या वाटेवर पोचलेल्या मुलाचं लक्षण आहे. "या पायरीत हे वजा कुठून आलं?" असं विचारणाऱ्याला बाकीचं उदाहरण कळलेलं असतं. ज्याला पहिल्या ओळीपासूनच काही कळलेलं नाही तो विचारणार काय? "मला वर्गसमीकरणं येत नाहीत" ही शंका नव्हे, ती कबुली आहे. आणि तेरा-चौदा वर्षांचं मूल ती अनोळखी बाईपाशी फोनवर देत नाही. शिवाय काही घरांत कारण अगदी साधं असतं. फोन वडिलांचा, आणि वडील नऊ वाजता घरी येतात. हे पालकांना एक प्रश्न विचारला की कळतं. तेवढ्या मुलांना रविवारी सकाळची वेळ द्या.

फोन केल्यावर "काही शंका आहे का?" असं विचारू नका. उत्तर "नाही मॅडम" असंच येतं. त्याऐवजी म्हणा, "आज शाळेत कुठला सरावसंच झाला? पुस्तक उघड. तिसरं उदाहरण मोठ्याने वाच. आता पहिली ओळ काय लिहिशील ते फक्त सांग." पहिल्या ओळीलाच मूल थांबतं किंवा चुकतं, आणि चार-पाच मिनिटांत तुमच्या हाती नेमकी जागा लागते. तिथून पुढे तुम्ही तो कॉल नेहमीसारखा चालवायचा. शेवटी त्याला एकच उदाहरण द्या आणि सांगा, "हे उद्या कर, अडलास तर सातला फोटो पाठव." दुसऱ्या दिवशी येणारा तो फोटो म्हणजे त्या मुलाने स्वतः विचारलेली पहिली शंका.

वेळ किती लागेल? 14 मुलं, महिन्यातून दोन कॉल, प्रत्येकी बारा मिनिटं: साडेपाच-सहा तास. तुमच्याकडे जवळजवळ चाळीस तास रिकामे आहेत, आणि त्यांचे पैसे तुम्ही आधीच देताय. हे फोन चाचणी नसलेल्या आठवड्यांत, साडेसात ते आठच्या मधे करायचे. म्हणूनच मी तुम्हाला तास कमी करायला सांगत नाही. रिकामी संध्याकाळ याच कामाला लावा.

आता योजना. 550 रुपयांत महिन्याला आठ कॉल. आठ का? तुमची सरासरी मुलामागे पाच आहे. आठ म्हटल्यावर बहुतेक घरांना भरपूर वाटतं आणि मर्यादा बोचत नाही. न वापरलेल्यांपैकी चारपर्यंत कॉल पुढच्या महिन्यात जमा होऊ द्या. याने पालकाच्या मनातली "पैसे वाया गेले" ही सल जाते, आणि चाचणीच्या महिन्यात मुलाच्या हाती बारा कॉल असतात. तुम्ही स्वतःहून केलेले कॉल या आठांत मोजू नका. जास्त विचारणाऱ्यांसाठी 950 रुपयांत सोळा कॉल. तिसरी योजना काढू नका. तीन पर्याय दिसले की पालक "विचार करून सांगतो" म्हणतात आणि तो विचार दिवाळीपर्यंत चालतो.

चॅट मोजायचं नाही, पण त्याचं काम बांधून द्या. बेरीज-वजाबाकीची चूक, उत्तर बरोबर आहे का, व्याख्या, सूत्र, एखादी सुटलेली पायरी: हे चॅटवर. एक जण दोन-तीन चॅट एका वेळी सांभाळू शकते, म्हणून तिथे खर्च कमी पडतो. पण सिद्धता, रचना आणि शब्दांत मांडलेली उदाहरणं चॅटवर घेऊ नका. वर्तुळाच्या प्रमेयावर "कोणता कोन?", "वरचा की खालचा?" असं टाइप करत पंचवीस मिनिटं जातात आणि कॉलवर तेच दहात होतं. चॅटवर चार निरोप होऊनही गाडं पुढे गेलं नाही तर तुम्हीच लिहा, "कॉल कर." हा नियम तुमच्या सहकारी मुलीलाही सांगून ठेवा. नवीन माणूस टाइप करत बसतो, कारण त्याला कॉलवर अडकायची भीती वाटते.

मुलं जातील का? जातील. अंदाज म्हणून धरू की सहा गेली आणि 36 उरली. त्यातल्या पाच जणांनी 950 ची योजना घेतली, बाकी 31 जणांनी 550 ची. 4,750 अधिक 17,050, एकूण 21,800. सहकारी मुलीचे 10,000 आणि इंटरनेट, रिचार्ज, वही-कागदाचे हजार वजा केले तर तुम्हाला 10,800 उरतात, तासाला 216 रुपये. सहा मुलं गेली तरी तुमची मिळकत चौपट होते. मात्र जाणाऱ्यांत कोण आहे ते बघा. गप्प मुलं गेली तर आश्चर्य नाही. पण रोज विचारणारी दोन-तीन गेली तर त्यांच्या पालकांना फोन करून कारण विचारा. ते फी म्हणाले तर ठीक. दुसरं काही म्हणाले तर ते ऐकायलाच हवं.

आता पालकांचा प्रश्न: "नक्की मिळतं काय?" तो रास्त आहे. क्लासला मूल जाताना-येताना दिसतं, वही भरलेली दिसते. तुमच्याकडे मूल खोलीचं दार लावून फोनवर बोलतं. बाहेरून ते मित्राशी गप्पा मारण्यासारखंच दिसतं. तेव्हा तुम्ही काय केलं ते पालकाला दिसायला हवं, आणि ते टक्क्यांनी, आलेखांनी दिसत नाही. दर पंधरा दिवसांनी तीन ओळींचा निरोप पाठवा, ग्रुपवर नाही, एकेकाला.

त्या निरोपात काय असावं हे एका कॉलवरून सांगते. समरूपतेच्या धड्यात हमखास येणारी शंका आहे. दोन समरूप त्रिकोणांच्या बाजूंचं गुणोत्तर 2:3 दिलंय, मुलगी क्षेत्रफळांचं गुणोत्तरही 2:3 लिहिते, मागे उत्तर 4:9 बघते आणि फोन करते, "मॅडम, उत्तर चुकलंय ना?" प्रमेय सांगून मोकळं होणं दोन मिनिटांचं काम आहे आणि ते पुढच्या आठवड्यात विसरलं जातं. तिला सांगा, "पाया 4, उंची 3 असा त्रिकोण काढ. क्षेत्रफळ?" ती म्हणेल 6. "आता दोन्ही दीडपट कर." पाया 6, उंची साडेचार, क्षेत्रफळ साडेतेरा. "6 आणि 13.5 यांचं गुणोत्तर काढ." 4:9. "का झालं असं?" इथे गप्प बसायचं. वीस-तीस सेकंद फोनवर शांतता असते, शिकवणाऱ्याला ती फार जड जाते, पण मुलीच्या तोंडून "पायापण वाढला आणि उंचीपण" हे त्या शांततेनंतरच येतं.

या कॉलचा निरोप असा: "या पंधरवड्यात तिने तीन शंका विचारल्या. समरूप त्रिकोणांत बाजू दीडपट झाली तर क्षेत्रफळ दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं, हे तिने स्वतः शोधून काढलं. प्रमाणातल्या बाजू जोडीने लिहिताना अजून गोंधळ होतो, त्यावर दोन उदाहरणं दिली आहेत." आई गणितातली नसली तरी तिला कळतं की यांना माझी मुलगी ठाऊक आहे. पुस्तक इंग्रजीत असलं तरी निरोप मराठीतच लिहा. आणि "अजून गोंधळ होतो" हे वाक्य गाळू नका. सगळं छान चाललंय असा निरोप सलग दोनदा गेला की तिसरा कुणी वाचत नाही.

पालकांची आणखी एक शंका असते, ती ते बोलून दाखवत नाहीत: या बाई गृहपाठच करून देत असतील. यावर उपाय एकच आहे. फोटो पाठवताना उदाहरणाचा नाही, स्वतः केलेल्या प्रयत्नाचा पाठवायचा, चुकलेला असला तरी. कोरी वही आली तर कॉल सुरू करायचा, पण पहिली ओळ मुलानेच लिहायची. हा नियम पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. महिन्याभरात काही मुलं कुरकुर करतील, "ताई उत्तरच सांगत नाहीत." ती कुरकुर घरात ऐकू गेली की पालकाचा भरवसा वाढतो.

ज्या आईने "रात्री कोण बोलतं" असं विचारलं, तिला मनातल्या मनात धन्यवाद द्या. बाकी 41 जणांच्या डोक्यातही तेच आहे. तिला "काळजी करू नका" म्हणू नका, लेखी नियम द्या. कॉल तुमच्या कामाच्या एकाच नंबरवरून किंवा एकाच खात्याच्या लिंकवरून होईल. शिकवणाऱ्यांचे खासगी नंबर मुलांकडे नाहीत, मुलांचे त्यांच्याकडे नाहीत. चॅट पालकाच्या फोनवरच्या नंबराशी, किंवा पालक ज्यात आहेत अशा तिघांच्या ग्रुपमध्ये. कॅमेरा वहीवर, चेहऱ्यावर नाही. साडेनऊनंतर कॉल नाही, मुलाने कितीही विनवलं तरी. पालक कधीही, न सांगता कॉलवर येऊ शकतात. आवाजाचं रेकॉर्डिंग 30 दिवस ठेवू आणि मग पुसू, मागितलं तर ऐकवू. तुम्ही आणि तुमची सहकारी मुलगी, दोघींचं पोलिस चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. पुढे कुणी नवीन घेतलं तर ते प्रमाणपत्र हाती येईपर्यंत त्या व्यक्तीला एकटीने कॉल देऊ नका.

रेकॉर्डिंगसाठी पालकाची लेखी संमती घ्या. ही नुसती सभ्यता नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 प्रमाणे 18 वर्षांखालची सगळी मुलं बालक धरली जातात आणि त्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. एक पानी फॉर्म पुरे: कुठली माहिती ठेवतो, किती दिवस, कोण बघतं, पुसायला कुणाला सांगायचं. आधार कार्ड मागू नका, तुम्हाला त्याची गरज नाही. निकाल लागल्यावर मुलांचे फोटो आणि टक्के लावून पोस्टरही करू नका. दोन शंका विचारलेल्या मुलीचे 96 टक्के तुमचे नव्हेत हे तिच्या आईला ठाऊक असतं, आणि ते पोस्टर बघणारी तिची मैत्रीण तिच्याच वर्गातली असते.

ऑटो-पे. सोय तुमची आहे, पण ती पालकाला भीती घालते. मोठ्या शिकवणी कंपन्यांच्या वर्गण्या आणि त्यासाठी काढलेली कर्जं यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पालकांना सावधगिरीची सूचना काढली, आणि त्यात वर्गणीसाठी आपोआप पैसे कापायची परवानगी देणं टाळा, असं स्पष्ट म्हटलं. आता नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना जाते, तरी ती सूचना इतर पंचवीस मेसेजमध्ये हरवते. 40 घरांसाठी हे सगळं हवंय कशाला? एक तारखेला निरोप आणि सोबत यूपीआयचा क्यूआर कोड. पाच तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर एकदाच आठवण. दर महिन्याला पालकाने स्वतःच्या हाताने पैसे भरणं हेच तुमचं प्रगतिपुस्तक आहे. कुणी तीन दिवस टाळाटाळ करत असेल तर काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला मार्चमध्ये नाही, आत्ताच कळतं. शंभर-दीडशे मुलं होईपर्यंत हे हाताने जमतं.

वर्षाची फी आगाऊ घेऊ नका. सवलत देऊनही नाही. फार तर एका सत्राची घ्या, आणि मधे सोडलं तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे सात दिवसांत परत, हे पावतीवर छापा. डेमोही सात दिवसांचा फुकट ठेवू नका; त्यात चाचणीपुरते येऊन जाणारेच जास्त भेटतात. पहिली एक शंका फुकट, मात्र आई किंवा वडील शेजारी बसलेले हवेत. बारा मिनिटं ऐकल्यावर त्यांना "काय मिळतं" हे विचारावं लागत नाही.

जीएसटीची चिंता आत्ता नको. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे आणि तुम्ही तीन लाखांच्याही आत आहात. गंमत म्हणजे जीएसटीचं बिल कसं करायचं ते दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाच्या धड्यात आहे, तेव्हा तुम्हाला सांगायला नकोच.

राहिली चाचणीच्या आठवड्यातली रांग. ती फी वाढवून संपणार नाही आणि त्या आठवड्यापुरतं माणूस मिळतही नाही. पण तुमच्या नोंदवहीत आणखी एक रकाना वाढवा: धडा आणि सरावसंच. वडगाव-धायरी भागातली तुमची मुलं चार-पाच शाळांतलीच असणार, म्हणजे त्या आठवड्यात त्यांच्या शंकाही त्याच चार-पाच सरावसंचांतल्या. एकाच उदाहरणावर तिसरी शंका आली की बाकीच्या रांगेला निरोप टाका, "या उदाहरणावर सव्वाआठला वीस मिनिटं सगळ्यांसाठी, कॉल मोजला जाणार नाही." रांगेतली सात-आठ मुलं एकदम मोकळी होतात. चाचणीचं वेळापत्रक पालकांकडून आधीच मागून घ्या, आणि त्या आठवड्यात संध्याकाळी पाचपर्यंत फोटो पाठवणाऱ्याला वेळ ठरवून द्या. थांबण्याचा राग पाऊण तासाचा नसतो. किती थांबायचं ते माहीत नसण्याचा असतो. "तुझा नंबर आठ-वीसला" म्हटलं की मूल दुसरा विषय वाचत बसतं.

फी कधी वाढवायची? दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल तेव्हा. दहावीच्या पालकांना परीक्षेच्या तोंडावर, जानेवारीत, अजिबात नाही. ते नाइलाजाने भरतील आणि कायम लक्षात ठेवतील. निरोप सहामाही परीक्षेनंतर, मुलामागे एक तीन ओळींचा पंधरवडी निरोप आधी पोचल्यावर पाठवा. मजकूर साधा असू द्या: "दुसऱ्या सत्रापासून फी 550 होईल, महिन्याला आठ कॉल, उरलेले चार पुढे जमा. मूल विचारत नसेल तर महिन्यातून दोनदा आम्ही फोन करू. नको असेल तर कळवा, या सत्राचे जास्तीचे भरलेले पैसे परत करू." माफी मागू नका आणि महागाईचं कारण देऊ नका.

कुणीतरी नक्की विचारेल, "मग इतके दिवस 299 मध्ये कसं परवडत होतं?" खरं ते सांगा: परवडत नव्हतं, आणि जी मुलं विचारत नव्हती त्यांच्या पैशावर चाललं होतं. विचारणारा पालक त्या चौदांतला असेल तर त्याला तिथेच सांगा की त्याच्या मुलाला पहिला फोन कुठल्या वारी, किती वाजता येणार आहे.